३१ टक्के लाल, आणि खरी चूक पांढऱ्यात: असाइनमेंटमधल्या संदर्भांचं आणि सिमिलॅरिटी रिपोर्टचं गणित

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला वहिनीचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. खाली एकच ओळ: "भाऊजी, ३१ टक्के आलंय. मी काहीच चोरलेलं नाही."

वहिनी शाळेत शिकवते आणि नोकरी सांभाळून एम.एड. करते. वर्गातल्या मूल्यमापनावर बारा पानांची असाइनमेंट होती, मराठीत. कॉलेजची अट अशी की सिमिलॅरिटी रिपोर्ट जोडायचा आणि आकडा दहाच्या आत हवा. मी सॉफ्टवेअरवाला म्हणून घरातल्या प्रिंटरपासून आधार कार्डापर्यंत सगळं माझ्याकडेच येतं, तसं हेही आलं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम असेल. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी जे कळलं ते उलटंच होतं. रिपोर्टने लाल केलेला बराचसा मजकूर निर्दोष होता, आणि खरी चूक ज्या दोन पानांत होती ती पानं रिपोर्टमध्ये स्वच्छ पांढरी होती.

हा प्रकार आता बऱ्याच घरांत होणार आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तिच्यामुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स मोफत वाचता येतात. आधी जो पेपर सारांश वाचून सोडून द्यावा लागायचा तो आता पूर्ण उघडतो, तोही फोनवर. ही चांगलीच गोष्ट आहे. पण इंग्रजी जर्नल लेख वाचून मराठीत किंवा आपल्या इंग्रजीत कसा मांडायचा, हे शिकवणारा तास कुठेच नाही. त्याऐवजी मुलांच्या हातात आहे तो फक्त एक टक्केवारीचा आकडा.

दहा टक्क्यांचा आकडा आला कुठून?

यूजीसीने २०१८ साली प्लेजरिझमबद्दलचे नियम काढले. त्यात साम्याच्या पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य समजायचं आणि शिक्षा नाही. दहा ते चाळीसमध्ये असेल तर ठरलेल्या मुदतीत लेखन सुधारून द्यायचं, आणि ही मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावी. चाळीस ते साठमध्ये वर्षभर सुधारित लेखन देता येत नाही. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. कॉलेजांनी यातला पहिला आकडा उचलला आणि सगळीकडे चिकटवला.

मी ते राजपत्र फोनवर उघडून व्याख्यांचं पान वाचलं, आणि दोनदा वाचलं. नियम कशाला लागू आहेत ते तिथे सांगितलंय: संशोधन लेख, प्रबंध, शोधनिबंध, पुस्तक, पुस्तकातलं प्रकरण वगैरे. आणि त्याच वाक्याच्या शेवटी काय वगळलंय तेही आहे: असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क, निबंध आणि उत्तरपत्रिका. म्हणजे वहिनीच्या असाइनमेंटला ही पायऱ्यांची शिक्षा लागूच नाही. कॉलेज स्वतःची अट घालू शकतं, तो त्यांचा अधिकार आहे. पण "यूजीसीचा नियम आहे" हे सांगणं बरोबर नाही.

त्याच नियमांत साम्य मोजताना काय सोडून द्यायचं तेही लिहिलंय. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मोजायचे नाहीत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजायची नाहीत. सर्वसाधारण संज्ञा, कायदे, ठरलेली सूत्रं मोजायची नाहीत. सर्वांना माहीत असलेली गोष्ट किंवा योगायोगाने सारखे आलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही सोडायचे आहेत. हे सगळं न सोडता काढलेली टक्केवारी म्हणजे पिशवी आणि चपलेसकट केलेलं वजन.

वहिनीचे ३१ टक्के आम्ही उकलून बघितले. संदर्भसूचीचे ९. मुखपृष्ठ आणि छापील प्रश्नाचे ३, कारण तोच प्रश्न वर्गातल्या प्रत्येकाने वर टाइप केला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मधला उतारा ८, तो तिने शब्दशः घेतला होता पण अवतरणचिन्हं घातली नव्हती. शोधगंगावरच्या एका मराठी प्रबंधाशी जुळणारे ९. उरलेले २ इकडचे तिकडचे, "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी" छापाचे, ज्यावर कुणाचीच मालकी नाही.

यातले खरे काळजीचे फक्त ते प्रबंधाचे ९. मी तिला म्हटलं, "एवढंच दुरुस्त कर, झालं." आणि तिथेच माझी चूक झाली.

मशीन नेमकं काय बघतं?

ही सॉफ्टवेअरं कशी चालतात याची तपशीलवार कृती कंपन्या सांगत नाहीत, पण मूळ कल्पना जुनी आणि सोपी आहे. मजकुराचे सलग शब्दांचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा, आणि तोच आकडा इतर कागदपत्रांत सापडतो का ते बघायचं. समजा तुकडा पाच शब्दांचा आहे. आता हे वाक्य घ्या (वाक्य माझंच आहे, कुठल्या पेपरातलं नाही):

```
शिक्षकाने दिलेला अभिप्राय विद्यार्थ्याला पुढची पायरी
दाखवणारा असेल तर तो उपयोगी ठरतो
```

बारा शब्द आहेत, म्हणजे पाच-पाच शब्दांचे आठ तुकडे पडतात: पहिला ते पाचवा शब्द, दुसरा ते सहावा, असं करत आठवा ते बारावा. आता फक्त दोन शब्द बदलू. पाचव्या जागी 'पुढची'चं 'पुढील' करू आणि आठव्या जागी 'असेल'चं 'असला'. पहिल्या पाच तुकड्यांत पाचवा शब्द येतोच, उरलेल्या तिघांत आठवा येतो. आठही तुकडे मोडले. अशा मोजणीत साम्य शून्य.

वाक्य मात्र तेच आहे. विचार तोच, क्रम तोच, बांधणी तीच. वाचणाऱ्या माणसाला दोन सेकंदांत कळेल की हे उचललेलं आहे. खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच्यावर बरीच हुशारी चढवलेली असते, त्यामुळे दोन शब्दांत ते फसेलच असं समजू नका. पण दिशा लक्षात घ्या. मशीन शब्दांच्या जुळणीवर चालतं. विचार कुणाचा होता, हे त्याला दिसत नाही.

मराठीत आणखी एक भानगड आहे, जी फार कमी जणांना माहीत असते. जुने बरेच मराठी प्रबंध युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. अशा पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करून बघा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा येतो. डोळ्यांना मराठी दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नाहीच. स्कॅन करून टाकलेले प्रबंध तर नुसते फोटो. आतला मजकूर आधी नीट ओळखून घेतला नाही तर तुलना करायला हातात काहीच नसतं. म्हणजे मराठी असाइनमेंटला कमी टक्के पडले, तर त्याचा अर्थ "कॉपी नाही" असाच होईल असं नाही. "जुळवायला साहित्यच नव्हतं" असाही होऊ शकतो.

पांढरी दोन पानं

दुसऱ्या संध्याकाळी मी तिची पूर्ण असाइनमेंट वाचली. पान सहा आणि सातवर शिक्षकाच्या अभिप्रायाबद्दल लिहिलं होतं. रिपोर्टमध्ये ती दोन पानं अगदी कोरी. पण वाचताना भाषा बदललेली जाणवत होती. बाकी पानांवर वहिनी बोलते तशी मराठी, आणि इथे एकदम "असे प्रतिपादन केले गेले आहे की", "ज्यायोगे", लांबच लांब कर्मणी वाक्यं. एका वाक्याच्या पोटात कंसात तीन परदेशी लेखकांची नावं, आणि ती नावं शेवटच्या संदर्भसूचीत नाहीत.

मी विचारलं, "हे कुठून आलं?"

"तो हॅटी-टिंपर्लीचा पेपर आहे ना, तो वाचून मराठीत लिहिलं. खाली नाव पण दिलंय की." खरंच दिलं होतं, पान सातच्या शेवटच्या ओळीत.

जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांचा 'द पॉवर ऑफ फीडबॅक' हा २००७ सालचा लेख शिक्षणशास्त्रात खूप वापरला जातो, बी.एड., एम.एड.वाल्यांना तो कुठे ना कुठे भेटतोच. वहिनीने केलं होतं असं: फोनवर अर्ध्या स्क्रीनवर पेपर, अर्ध्या स्क्रीनवर डॉक्युमेंट, आणि एक-एक वाक्य मराठीत. अडलं तिथे ट्रान्सलेट ॲप. तिच्या मते हे 'स्वतःच्या शब्दांत' होतं. शब्द तर मराठी आहेत, मग आपलेच झाले ना?

नाही. ओळीमागून ओळ केलेलं भाषांतर म्हणजे पॅराफ्रेज नव्हे. वाक्यांचा क्रम, युक्तिवादाची बांधणी, उदाहरणं, सगळं मूळ लेखकांचं. फक्त लिपी बदलली. भाषांतर द्यायला हरकत नाही, पण मग ते भाषांतर आहे असं सांगायचं, अवतरण म्हणून द्यायचं, पान क्रमांक द्यायचा. दोन पानांच्या शेवटी एकदा कंसात नाव टाकलं की वाचणाऱ्याला वाटतं शेवटचं वाक्य त्यांचं आणि त्याआधीचं सगळं वहिनीचं.

तिला हे ऐकून वाईट वाटलं. थोडी चिडलीही. "रिपोर्ट शून्य दाखवतो आणि तुम्ही म्हणता हीच कॉपी. आणि कायद्याचा उतारा, जो सगळ्या देशाचा आहे, तो लाल." तक्रार रास्त होती. हेतू चांगला असूनही चूक होते ती अशीच. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट असाच शब्द फिरवून लिहिला होता आणि मला ती कॉपी आहे हेही माहीत नव्हतं, त्यामुळे मी फार शहाणपणा दाखवला नाही.

पेपर बंद करून सांगायचं

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. मी म्हटलं, पेपर बंद कर आणि मला फोनवर सांग त्यात काय आहे. मला शिक्षणशास्त्रातलं काही कळत नाही, त्यामुळे मी दर मिनिटाला "म्हणजे?" विचारणार. बोलणं तिने रेकॉर्ड केलं.

ती म्हणाली: अभिप्राय म्हणजे आत्ता मूल जिथे आहे आणि जिथे पोचायला हवं, त्यातलं अंतर कमी करण्याची गोष्ट. त्यासाठी अभिप्रायाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: कुठे जायचंय, कसं चाललंय, पुढे काय. आणि अभिप्राय चार पातळ्यांवर असतो. एक, केलेल्या कामाबद्दल. दोन, काम करण्याच्या पद्धतीबद्दल. तीन, मूल स्वतःवर कसं लक्ष ठेवतं त्याबद्दल. चार, नुसतं मुलाबद्दल, म्हणजे "हुशार आहेस" वगैरे. "आणि कौतुक करून काही उपयोग नसतो," असं म्हणून तिने संपवलं.

मी विचारलं, खरंच असं म्हटलंय? पेपर पुन्हा उघडला. लेखकांचं म्हणणं इतकं सरसकट नव्हतं. त्यांच्या मते फक्त व्यक्तीपुरतं राहणारं कौतुक या चार पातळ्यांत सर्वांत कमी परिणामकारक, कारण कामाबद्दलची माहिती त्यात फारशी नसते. "उपयोग नसतो" आणि "सर्वांत कमी परिणामकारक" यांत फरक आहे. म्हणून पेपर बंद करून लिहिल्यावर तो पुन्हा उघडणं ही पायरी सोडायची नाही. ती दोन कामांसाठी असते. आपण लेखकाच्या तोंडी भलतंच तर घातलं नाही ना हे बघायला, आणि त्याचं एखादं वाक्य नकळत डोक्यात राहून जसंच्या तसं उतरलं नाही ना हे बघायला.

रेकॉर्डिंग ऐकत तिने पुन्हा लिहिलं. दोन पानांचं पाऊण पान झालं. त्यातला मधला भाग तिच्या परवानगीने देतो:

"हॅटी आणि टिंपर्ली (२००७) यांच्या मते अभिप्रायातून मुलाला तीन गोष्टी कळायला हव्यात: कुठे पोचायचे आहे, आत्ता कसे चालले आहे आणि पुढे काय करायचे. माझ्या चौथीच्या वर्गातल्या वह्या पाहिल्या तर माझे बहुतेक शेरे 'छान' किंवा 'अक्षर सुधारा' असे आहेत. 'छान' हा शेरा कामाबद्दल काहीच सांगत नाही. अशा कौतुकाला हे लेखक व्यक्तीच्या पातळीवर ठेवतात आणि चार पातळ्यांत ते सर्वांत कमी परिणामकारक मानतात. 'अक्षर सुधारा' हा शेरा कामाबद्दल आहे, पण कसे सुधारायचे ते त्यात नाही. म्हणजे तिसरा प्रश्न मी मुलांवरच सोडून देते."

आधीच्या आणि आताच्या मजकुरात काय बदललं ते बघा. लेखकांचं नाव परिच्छेदाच्या सुरुवातीला आलं, त्यामुळे विचार कुणाचा ते आधीच कळतं. मध्ये वह्यांचं निरीक्षण आलं, ते वहिनीचं. मग "हे लेखक ... मानतात" म्हणून पुन्हा खूण केली, म्हणजे परत त्यांचा विचार सुरू झाला. शेवटचं वाक्य पुन्हा वहिनीचं. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून "हे कोण म्हणतंय?" विचारलं तर उत्तर मिळतं. आधीच्या दोन पानांत ते मिळत नव्हतं.

शोधगंगाच्या ९ टक्क्यांचंही असंच केलं. तिथे तर शब्द फिरवण्याची हद्द झाली होती. जुळणी टाळायला एका ठिकाणी 'आकारिक मूल्यमापन'चं 'आकारात्मक मूल्यांकन' केलं होतं. आपल्याकडे शाळेत 'आकारिक' आणि 'संकलित' हे ठरलेले शब्द आहेत, शिक्षक रोज वापरतात. ते बदलले तर पॅराफ्रेज होत नाही, वाक्य चुकतं. पारिभाषिक शब्द तसाच ठेवायचा, त्याने कॉपी होत नाही. शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून इंग्रजीत हेच इतकं घडलंय की 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' असलं काहीतरी छापलेले शोधनिबंध सापडले आहेत. असले विचित्र शब्द शोधूनच संशोधकांनी २०२१ मध्ये बोगस पेपर हुडकायला सुरुवात केली.

न वाचलेल्या पेपरचा संदर्भ

संदर्भसूची बघताना दुसरी गोष्ट सापडली. यादीत रॉइस सॅडलर यांचा १९८९ सालचा लेख होता. वहिनीने तो उघडलेलाच नव्हता. हॅटी-टिंपर्लींनी त्याचा उल्लेख केलाय, म्हणून तिने यादीत टाकला. हे सर्रास चालतं आणि लोकांना यात गैर वाटत नाही. उलट यादी लांब दिसते म्हणून बरं वाटतं.

यात अडचण अशी की मधल्या लेखकाने मूळ लेखकाचं म्हणणं जसं मांडलं तसंच तुम्ही घेताय, आणि वाचणाऱ्याला सांगताय की मी मूळ वाचलं. मधल्याने वर्ष किंवा पान चुकवलं असेल तर ती चूकही जशीच्या तशी तुमच्याकडे येते, आणि मार्गदर्शकाला तिच्यावरूनच कळतं. एपीए पद्धतीत यासाठी सरळ वाट आहे. मजकुरात दोन्ही नावं द्यायची, यादीत फक्त आपण वाचलेला लेख:

```
(Sadler, 1989, as cited in Hattie & Timperley, 2007)
```

मराठी मजकुरात `as cited in` च्या जागी "यांनी उद्धृत केल्यानुसार" लिहिलं तरी चालतं, फक्त सगळीकडे तेच लिहायचं. आणि मूळ लेख मिळत असेल तर वाचून टाकायचा. आता नव्या योजनेमुळे "मिळत नाही" हे कारण सरकारी कॉलेजांत तरी पूर्वीइतकं चालणार नाही.

सगळीकडे तेच लिहायचं, हे मात्र बोलायला सोपं आहे. वहिनीच्या बारा पानांत एकच लेख तीन अवतारांत होता: एकदा देवनागरीत 'हॅटी व टिंपर्ली (२००७)', एकदा `Hattie and Timperley 2007`, आणि एकदा `Hattie et al., 2007`. शेवटचा अवतार तर चूकच. एपीएच्या सातव्या आवृत्तीत `et al.` तीन किंवा जास्त लेखक असतील तेव्हाच येतं. दोन लेखकांची नावं दर वेळी दोन्ही द्यायची. वाक्यात नाव आलं तर `and`, कंसात आलं तर `&`. मराठी मजकुरात नाव देवनागरीत लिहायचं ठरवलं तर शेवटपर्यंत देवनागरीत. पण संदर्भसूचीत इंग्रजी लेख इंग्रजीतच ठेवायचा, नाहीतर कुणाला तो शोधता येणार नाही. मराठी संदर्भांची वेगळी यादी करायची की नाही हे मार्गदर्शकांना आधीच विचारून घ्या, कारण दोन लिप्यांचा अकारविल्हे क्रम कसा लावायचा यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

यादीतली नोंद हाताने टाइप करू नका. लेखाच्या पहिल्या पानावर डीओआय असतो, `10.` ने सुरू होणारा. तो कॉपी करून फोनच्या ब्राउझरमध्ये `zbib.org` वर पेस्ट केला आणि एपीए निवडलं की नोंद तयार मिळते. अकाउंट लागत नाही. वहिनीच्या लेखाची अशी:

```
Hattie, J., & Timperley, H. (2007). The power of feedback.
Review of Educational Research, 77(1), 81–112.
https://doi.org/10.3102/003465430298487
```

जर्नलचं नाव आणि ७७ हा खंड क्रमांक तिरप्या अक्षरांत येतात. व्हॉट्सॲपवरून कॉपी-पेस्ट केलं की ते तिरपेपण उडतं, तेवढं परत करून घ्या. गुगल स्कॉलरचं `Cite` बटणही चालतं, पण त्यात सहसा डीओआय नसतो आणि शीर्षकातली मोठी-लहान अक्षरं कशीही येतात. एकदा डोळ्यांखालून घालायला हवंच. मजकुरातलं प्रत्येक नाव यादीत आहे का आणि यादीतलं प्रत्येक नाव मजकुरात आहे का, ही तपासणी मात्र हातानेच. आम्ही ती फोनमधल्या 'फाइंड'ने दहा मिनिटांत केली. तीन नावं मजकुरात होती पण यादीत नव्हती. तिन्ही त्याच भाषांतरित पानांतली.

दुसरा रिपोर्ट

वहिनीने कायद्याच्या उताऱ्याला अवतरणचिन्हं घातली, कलमाचा क्रमांक दिला, आणि ग्रंथपाल मॅडमना विनंती केली की रिपोर्ट काढताना संदर्भसूची आणि अवतरणं वगळा. सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय होता, फक्त आजवर कुणी मागितला नव्हता. ३१ चे ५ झाले. मुखपृष्ठ आणि प्रश्नाचे ते ३ राहिले, किरकोळ २ राहिले.

पान सहा आणि सात, जिथे सगळ्यात जास्त मेहनत गेली होती, तिथे दोन्ही रिपोर्टांत शून्य. आधी भाषांतर होतं तेव्हाही शून्य, आता तिचं स्वतःचं आहे तेव्हाही शून्य. तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं तिथलंच विचारलं: "तिसरा प्रश्न मुलांवर सोडता म्हणजे काय करता?" तिने वर्गातून आणलेली एक वही पुढे केली. बोलणं वीस मिनिटं चाललं म्हणे, आणि टक्क्यांचा विषय निघालाच नाही.